लांबट चेहरा, बारीक केस, मोठं कपाळ: एका कटाचा हिशेब

लांब चेहऱ्याला फ्रिंज कापावी, बारीक केसांना लेयर द्यावेत, कपाळ मोठं असेल तर वर पफ काढावा. हे तिन्ही सल्ले वेगवेगळे ऐकले तर पटतात, पण तिन्ही गोष्टी एकाच डोक्यावर आल्या की ते एकमेकांच्या आड येतात. फ्रिंज कापली की तेवढे केस बाजूंमधून कमी होतात आणि लांब चेहऱ्याला भर हवी असते ती नेमकी बाजूंनाच. लेयर दिले की खालची कड विरळ पडते. पफ काढला की चेहरा आणखी दोन बोटं लांब दिसतो. त्यामुळे असं गिऱ्हाईक आलं की कोणता कट शोभेल हे आम्ही नंतर बघतो. आधी बघायचं ते हे, की हाताशी केस किती आहेत आणि ते डोक्याच्या कुठल्या भागावर खर्च करायचे.

इथे आमच्या पुण्यातल्या पार्लरमधलं असंच एक काम सुरुवातीपासून सांगतोय. बाई तिशीच्या पुढच्या, केस सरळ आणि पाठीच्या मध्यापर्यंत, रोज मागे घट्ट ओढून क्लचरमध्ये अडकवलेले. ऑफिसला दुचाकीवरून जाणं, म्हणजे रोजचं हेल्मेट. मागणी साधी होती: "चेहरा जरा भरल्यासारखा दिसू दे ताई, आणि हे कपाळ झाकलं गेलं पाहिजे. पण उन्हाळ्यात बांधता आले पाहिजेत हं." मोबाइलमध्ये दोन-तीन फोटोही होते, सगळे दाट केसांच्या मुलींचे. असे फोटो आम्ही नाकारत नाही. केसांची लांबी आणि कड कुठे येते एवढंच त्यातून घेतो, फुगीरपणा सोडून देतो.

पहिलं काम चेहरा खरंच लांब आहे का हे पाहण्याचं. पुष्कळ जणी सेल्फी बघून स्वतःचा चेहरा लांब ठरवतात. मोबाइल हातभर अंतरावर धरला की नाक मोठं येतं, गाल आणि कान मागे जातात आणि साधा गोल चेहराही निमुळता दिसतो. त्यासाठी फोटो दुसऱ्याने काढायचा, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर आणि निदान 2 मीटर लांब धरून, हवं तर झूम करून. केस पूर्ण मागे घ्यायचे, मान वर नको की खाली नको. मग त्या फोटोवरच पट्टी ठेवून प्रमाण काढायचं. शिंप्याच्या टेपने थेट चेहरा मोजायला गेलं तर टेप गालांच्या गोलाईवरून फिरतो, रुंदी जास्त भरते आणि लांब चेहराही बेतशीर निघतो. आम्ही प्रत्यक्ष मोजतो तेव्हा दोन ताठ कंगवे गालांच्या हाडांना दोन्हीकडून उभे टेकवतो आणि त्यांच्यामधलं अंतर घेतो.

या बाईंची केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतची उंची 20 सेंटिमीटर आली आणि गालांच्या हाडांपाशी रुंदी 12.5. म्हणजे उंची रुंदीच्या 1.6 पट. ही दीडपटीच्या पुढे गेली की आम्ही चेहरा लांब धरतो. पण एकूण उंचीपेक्षा ती कुठे साठली आहे हे कळणं जास्त कामाचं. त्यासाठी तीन भाग मोजायचे: केसांची रेषा ते भुवई, भुवई ते नाकाचा तळ, नाकाचा तळ ते हनुवटी. इथे ते 7.5, 6 आणि 6.5 असे आले. लांबी मुख्यतः कपाळात आहे, हनुवटीने थोडीच भर घातली आहे. हेच उलटं असतं, म्हणजे कपाळ बेताचं आणि हनुवटी लांब, तर फ्रिंजचा फारसा उपयोग नव्हता. वरून झाकलं की नजर सरळ खाली हनुवटीवर जाते. लांब चेहरा म्हटलं की डोळे मिटून फ्रिंज, असं होत नाही ते यामुळे.

दुसरं काम केसांचं. बारीक केस आणि विरळ केस यांत गल्लत फार होते. बारीक म्हणजे एकेक केस नाजूक, विरळ म्हणजे डोक्यावर केसांची संख्या कमी. एक गळलेला केस अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन चोळायचा. जाड केस बोटांना जाणवतो, बारीक केस आहे की नाही तेच कळत नाही. शिवणकामाच्या दोऱ्याशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवला की फरक डोळ्यांनाही दिसतो. संख्या कळते ती पोनीटेलच्या घेरावरून. रबर लावतो तिथे टेपने घेर घ्यायचा. 10 सेंटिमीटरच्या आसपास असेल तर भरपूर, 5 च्या आत असेल तर कमी. बाईंचा घेर 6 भरला. केस अगदी बारीक, संख्या मध्यमाच्या खालच्या बाजूला. इतक्या केसांत पूर्ण कपाळ झाकणारी दाट फ्रिंज आणि शिवाय बाजूंना भर, या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत. हे कात्री हातात घेण्याआधी गिऱ्हाईकाला सांगून टाकलेलं बरं.

मग टोकं बघायची. केस पुढे घेऊन त्यांच्यामागे पांढरा टॉवेल धरला की कुठून पुढे टॉवेल आरपार दिसायला लागतो ते कळतं. बाईंच्या केसांत शेवटची जवळजवळ वीतभर लांबी आरपार होती. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणजे 45 सेंटिमीटर लांब केसाचं टोक पावणेचार वर्षांचं जुनं असतं. तेवढ्या काळात कंगवा, क्लचर, ओढणी, हेल्मेटचा पट्टा यांनी बारीक केस मध्येच तुटतो आणि सगळे केस शेवटपर्यंत पोचतच नाहीत. ती वीतभर लांबी केस लांब असल्याचं समाधान देते, पण दिसायला चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेघा पाडते आणि निमुळता चेहरा आणखी निमुळता करते.

कपाळाच्या बाबतीत एक गोष्ट कट ठरण्याआधी नक्की करून घ्यावी लागते: कपाळ जन्मापासून मोठं आहे की केसांची रेषा मागे सरकते आहे. जुने फोटो मागायचे, शाळेतले किंवा कॉलेजातले. रेषा तीच असेल तर काम सरळ आहे. रेषा मागे गेली असेल, भांग रुंद होत असेल, किंवा कानशिलांपाशी केस तुटून बारीक लव उरली असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवतो. रोज घट्ट ओढून बांधल्यानेही कडेचे केस जातात. सवय वेळीच सोडली तर ते परत येऊ शकतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर येत नाहीत. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केसगळती जोरात असते, तेव्हाही फ्रिंज कापत नाही. गळती थांबेपर्यंत ती आणखी विरळ होत जाते आणि दोष कटाच्या माथी येतो. या बाईंची रेषा कॉलेजच्या फोटोत होती तिथेच होती. फक्त उजव्या कानशिलापाशी थोडी झीज होती, क्लचरची.

आता लांबी. ती कापून बघता येत नाही, पण दुमडून बघता येते. केस मानेपाशी सैल बांधायचे, खालची लांबी आत दुमडायची आणि हवी तिथे कड येईल अशा पिना लावायच्या. एक फोटो कड जबड्यापाशी असताना, एक हनुवटीच्या थोडं खाली, एक खांद्यावर, एक गळ्याच्या हाडाखाली. फोटो शेजारी शेजारी ठेवले की बोलायला फार काही उरत नाही. लांब चेहऱ्याला सगळ्यात रुंद दाखवते ती जबड्याच्या कोनापाशी थांबणारी कड, कारण केसांचा सगळा भार गालांच्या रुंदीत मोजला जातो. तो कट बाईंनाही आवडला. पण तो बांधता येत नाही, आणि हेल्मेट काढल्यावर प्रत्येक वेळी सरळ करावा लागतो. खांद्यावर टेकणारी लांबी आम्ही सुचवतच नाही. खांद्यावर आपटून केस एकीकडे आत, एकीकडे बाहेर वळतात आणि बारीक केसांना ते वळण अडवण्याइतका भार नसतो. गळ्याच्या हाडाखाली गेलं की परत त्या दोन उभ्या रेघा. उरली ती हनुवटीच्या 3 सेंटिमीटर खालची कड. बाईंची मान लांब असल्यामुळे ती खांद्यापासून चांगली वर राहत होती आणि मागचे केस लहान क्लिपमध्ये मावत होते. पुढच्या बटा सुटणार होत्या, पण त्या सुटलेल्याच हव्या होत्या.

फ्रिंजवर सगळ्यात जास्त वेळ गेला. समोरून सरळ, भुवईपर्यंत येणारी फ्रिंज लांब चेहऱ्याला सगळेच सुचवतात. ती दाट दिसायची तर केस डोक्याच्या माथ्याजवळून, म्हणजे बऱ्याच मागून घ्यावे लागतात. 6 सेंटिमीटरच्या पोनीटेलमधून तेवढे केस काढले की बाजूंना हाती काही राहत नाही. कमी केस घेऊन कापली तर कपाळ फटींतून दिसत राहतं, आणि फटींतून दिसणारं कपाळ उघड्या कपाळापेक्षाही जास्त नजरेत भरतं. मधोमध दुभंगणारी पडद्यासारखी फ्रिंज हल्ली पुष्कळ जणी मागतात. मोठ्या कपाळावर तिचा अडचणीचा भाग म्हणजे मधला उघडा त्रिकोण. कपाळ जिथे सगळ्यात उंच, तिथेच ती उघडते.

या बाईंसाठी तिरकी फ्रिंज ठरली: भांग डाव्या भुवईच्या कमानीच्या वर, तिथून केस उजवीकडे जाणारे, सुरुवात भुवईच्या जरा खाली आणि शेवट उजव्या गालाच्या हाडाशी. तिरकी असल्यामुळे कमी केसांतही कपाळाचा बराच भाग झाकला जातो, कारण ते केस एकमेकांवर रचले जातात. उघडं राहतं ते डाव्या बाजूचं छोटं त्रिकोणी कपाळ, आणि ते राहिलेलं चांगलं. सगळं झाकलं की चेहऱ्यावर झाकण ठेवल्यासारखं वाटतं. शिवाय बाई टिकली लावायच्या, ती सरळ फ्रिंजखाली गेली असती. मोठ्या कपाळावर ठसठशीत टिकली हा कपाळाची उंची मधेच तोडण्याचा जुना आणि फुकटचा उपाय आहे, तो घालवायचा कशाला?

भांग कुठे काढायचा हे मात्र आपल्या मनावर नसतं. ओले केस कंगव्याने सरळ मागे घ्यायचे आणि माथ्यावर तळहात ठेवून केस हलकेच पुढे ढकलायचे. जिथे ते आपोआप फुटतात तो नैसर्गिक भांग. पुढच्या रेषेत भोवरा असेल तर तोही तेव्हाच दिसतो, त्या जागचे केस उभे राहून एका बाजूला वळतात. बाईंचा भोवरा डावीकडेच होता आणि केस उजवीकडे वळवत होता, म्हणजे ठरवलेली दिशा त्याला मान्य होती. भोवरा उलटा असता तर आम्ही भांग दुसऱ्या बाजूला नेला असता. बारीक केसांना रोज भोवऱ्याविरुद्ध वळवत बसणं म्हणजे ड्रायरची आणि केसांची दोघांची नासाडी.

प्रत्यक्ष कापताना आधी खालची कड, मग फ्रिंज. केस धुऊन टॉवेलने टिपलेले, ओलसर पण निथळते नाहीत. भांग शेवटी जिथे राहणार तिथेच पाडून घ्यायचा, नाहीतर वाळल्यावर एक बाजू आखूड निघते. मग मानेकडून वर जात दीड-दोन सेंटिमीटरचे आडवे थर सोडायचे आणि प्रत्येक थर त्वचेला लागून सरळ खाली पडू देऊन कापायचा. केस वर उचलून कापले की आतून लेयर पडतो आणि कडेचा दाटपणा जातो. डोकं पुढे वाकवलं तरी तोच प्रकार होतो, म्हणून मान सरळच ठेवायला लावतो. कंगव्याने ओढून ताण द्यायचा नाही, विशेषतः कानावर. तिथे केस कानाच्या उंचवट्यावरून खाली येतात, ताणून कापले की वाळल्यावर वर उडी मारतात आणि कानाखाली खाच दिसते. बारीक केस कात्रीची प्रत्येक चूक दाखवतात. दाट केसांत जी पायरी लपून जाते ती इथे रेघेसारखी उमटते. थर पातळ ठेवायचे ते त्यासाठी.

थिनिंगची कात्री आणि रेझर या कटात वापरायचे नाहीत. "टोकं हलकी करून घेऊ का?" असं पार्लरमध्ये सवयीने विचारलं जातं, तिथे नाही म्हणायचं. कड कठोर वाटत असेल तर कात्री उभी धरून टोकांत 3-4 मिलिमीटर एवढंच टोचायचं. बाजूला रुंदी यावी म्हणून आम्ही एवढंच केलं, की पुढच्या दोन्हीकडच्या थोड्या बटा गालाच्या हाडापासून खाली तिरक्या उतरवल्या, एका बाजूला बोटाएवढ्या जाड घेऊन. त्यांचं सगळ्यात आखूड टोक गालाच्या हाडाशी यायला हवं. ओठांच्या खाली आलं तर ते हनुवटीकडे बाण दाखवल्यासारखं दिसतं.

कड वाळवून पक्की झाल्यावर फ्रिंज, आणि तीही कोरड्या केसांवर. ओला केस ताणला जातो, वाळल्यावर आखडतो, आणि भोवऱ्यापाशी तर एखादा सेंटिमीटर सहज वर चढतो. किती मागून केस घ्यायचे हे ठरवायला डोक्याच्या मध्यावर कंगवा आडवा टेकवतात. जिथे डोकं पुढे उतरायला लागतं आणि कंगवा अधांतरी होतो, ती मागची कमाल मर्यादा. बाईंच्या डोक्यावर ती रेषेपासून 6 सेंटिमीटरवर होती. आम्ही 4 वरच थांबलो, कारण मागून आणखी घेणं कधीही शक्य असतं, पण कापलेले परत बाजूंना जोडता येत नाहीत. रुंदी दोन्ही भुवयांच्या बाहेरच्या टोकांपर्यंत. त्याहून अरुंद घेतली तर फ्रिंज पट्टीसारखी उभी दिसते आणि चेहरा लांबतो. रुंद घेतली तर कानशिलावरचे केस त्यात जातात आणि वारा आला की फ्रिंज आणि बाजूचे केस यांमध्ये खिडकी उघडते. उजव्या कानशिलाशी झीज होती म्हणून तिथे अर्धा सेंटिमीटर आतच राहिलो.

पहिला काप नाकाच्या शेंड्याच्या उंचीवर. मग फ्रिंज उजवीकडे वळवून, बोटांत न ताणता, अर्धा-अर्धा सेंटिमीटर वर चढत जायचं. दर वेळी बाईंना मान हलवायला, हसायला लावायचं, भुवया उंचावायला लावायच्या. चष्मा असेल तर तो घालूनच मापायचं, नाहीतर केस फ्रेमवर बसून पंख्यासारखे पसरतात. मधूनच फट दिसली तर फ्रिंज आणखी आखूड करायची नाही. आखूड फ्रिंज हलकी होते आणि जास्तच फुटते. उलट मागून आणखी अर्धा ते एक सेंटिमीटरचा थर पुढे आणून त्यात मिसळायचा. इथे तसा एक थर घ्यावा लागला, म्हणजे शेवटी खोली पावणेपाच सेंटिमीटरच्या घरात गेली.

वाळवण्याची पद्धत कटाइतकीच महत्त्वाची, आणि घरी बहुतेक बिनसतं ते इथे. बारीक केस चटकन वाळतात, म्हणून न्हाऊन बाहेर आल्यावर सगळ्यात आधी फ्रिंज घ्यायची. बाकीचे केस करून तिच्याकडे येईपर्यंत भोवऱ्याने आपलं म्हणणं पक्कं केलेलं असतं. मध्यम उष्णता, ड्रायरचं तोंड वरून खाली, आणि सपाट ब्रशने केस कपाळावर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे घासत न्यायचे. दोन्ही दिशांनी वाळल्यामुळे मुळातला कल मोडतो आणि शेवटी हव्या त्या बाजूला सोडली की ती तिथे राहते. गोल ब्रशने आत गुंडाळू नका, पुंगळी होते.

मग बाजू. लिंबाएवढा मूस घेऊन तो कानाच्या वरच्या मुळांत लावायचा, माथ्यावर नाही. डोकं एका बाजूला कलतं करून त्या बाजूचे केस मुळापासून आडवे बाहेर उचलून वाळवायचे आणि गार होईपर्यंत तसेच धरायचे. गरम असताना सोडले की पडतात. वेळ असेल तर कानशिलाच्या पातळीवर दोन्हीकडे दोन-दोन वेल्क्रो रोलर लावून चहा पिऊन यावं. माथा फुगवायचा नाही, नुसता चिकटलेला नको एवढंच. हाताला पफची सवय असलेल्या बायकांना हे सगळ्यात अवघड जातं. बाईंनीही आरशात बघत दोनदा माथ्यावरचे केस उचलले. तेव्हा समोरून फोटो काढून दाखवला, एक पफसह आणि एक त्याशिवाय. पफवाल्या फोटोत केस भरलेले दिसत होते आणि चेहरा लांब. हवं होतं नेमकं त्याच्या उलट. एका बाजूचे केस कानामागे घेतले की गाल आणि कान दोन्ही उघडे पडून रुंदी आणखी वाढते. तिथे लोंबते झुमके नकोत, गोल टॉप्स किंवा कुड्या बऱ्या.

पुण्याच्या कोरड्या हवेत हे वळण दिवसभर टिकतं, पावसाळ्यात टिकत नाही. ड्रायरने दिलेला आकार पाण्याने मोडतो, मग ते पाणी नळाचं असो की हवेतलं. मुंबई-कोकणात तर जून ते सप्टेंबर मूस आणि रोलर यांच्यावर भिस्त ठेवू नये. तिथे बाजूची रुंदी नुसत्या कडेतून आली पाहिजे, म्हणून तिकडच्या गिऱ्हाइकांना आम्ही जबड्यापाशीच कापायला सांगतो. पावसात केस उडतात म्हणून स्मूदनिंग किंवा केराटिन करावं का, असं पुष्कळदा विचारलं जातं. या चेहऱ्याला आणि या केसांना करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याने केस गालांना चिकटून सरळ खाली पडतात, म्हणजे पैसे देऊन तीच लांबट चौकट विकत घ्यायची.

तेलाबद्दल घराघरात मतभेद असतात. खोबरेल बारीक केसांना वाईट नाही, पण ते न्हाण्याच्या आधी, आदल्या रात्री, थोडंसं. न्हाल्यावर लावलेला एक थेंबही बाजू बसवून टाकतो. कंडिशनर कानाच्या खाली, टोकांनाच. फ्रिंजला काहीच नाही, तिला कपाळाचं तेल आणि चेहऱ्याची क्रीम आपसूक मिळतेच. दोन दिवसांत तिच्या बटा पडतात, तेव्हा सगळे केस धुवायची गरज नाही. बाकीचे केस क्लिपने मागे करायचे आणि फक्त फ्रिंज बेसिनमध्ये धुऊन वाळवायची, पाच मिनिटांचं काम. टाल्कम पावडर मारण्याचा उपाय काळ्या केसांवर पांढुरका दिसतो. हेल्मेटसाठी बाईंना एवढंच सांगितलं: फ्रिंज ज्या बाजूला वळते त्याच बाजूला हाताने सपाट करून मगच हेल्मेट चढवायचं, घाम टिपायला आत सुती टोपी घालायची, आणि उतरल्यावर कंगव्याआधी बोटांनी मुळं हलवायची.

कट जमला की नाही हे पार्लरमधून निघताना कळत नाही, घरी दोनदा न्हाल्यावर कळतं. कडेला एखादी बट खाली लोंबत असेल तर ती कापायची राहिलेली आहे, आठवड्याच्या आत परत येऊन सरळ करून घ्यावी. एकच बाजू सतत बाहेर वळत असेल तर बहुतेक वेळा ती खांद्याला लागते आहे किंवा पर्सचा पट्टा त्या बाजूला आहे. फ्रिंज रोज एकाच जागी फुटत असेल तर तिथे भोवरा आहे किंवा केस कमी पडले आहेत. ओल्या केसांवर तपासावं, ओली असतानाही फुटली तर भोवरा, वाळल्यावरच फुटली तर केस कमी.

फ्रिंज तीन-चार आठवड्यांत डोळ्यांत यायला लागते. घरी कापायचीच असेल तर कोरडी, वळवलेल्या स्थितीत, कात्री उभी धरून, एका वेळी दोन मिलिमीटर. आडवी कात्री चालवली की सरळ रेघ येते आणि ती पुसायला पार्लरला यावंच लागतं. खालची कड सहा ते आठ आठवड्यांनी. तीन महिने सोडली तर ती खांद्यावर पोचते आणि मघाशी टाळलेला तो उलटसुलट वळणांचा प्रकार सुरू होतो. फ्रिंज नकोशी झाली तर भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत पोचायला चार-पाच महिने लागतात. तिरकी असल्यामुळे मधला काळ फार वाईट जात नाही, दर महिन्याला फक्त आखूड टोक लांब टोकात मिसळून घ्यायचं.

लग्नसराईत याच केसांचा अंबाडा घालायचा झाला तर तो उंच नको. मानेपाशी, शक्य तितका रुंद आणि थोडा एका बाजूला, कमी पडणाऱ्या केसांसाठी आत जाळीची गादी घालून. गजरा वर उभा न खोवता अंबाड्याच्या कडेने आडवा फिरवायचा, म्हणजे समोरून तो कानांच्या मागे दोन्हीकडे दिसतो.